ब्लोअर ९६० वर फिरतो आणि फ्रेम ९५५ वर: दोन मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू, एका लोखंडी सांगाड्यावर

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत डस्ट कलेक्टरचा ब्लोअर जमिनीवर क्वचितच असतो. जागा वाचावी म्हणून तो लोखंडी फ्रेमवर, दोन टप्पे वर चढवलेला असतो. अशाच एका ब्लोअरबद्दल तिथला सुपरवायझर मला म्हणाला होता, "वर उभारलं की पाय नुसतं थरथरत्यात बघा साहेब. खालच्या प्लॅटफॉर्मवरबी तसंच. खालचं खांब जाड करूया की!" खांब जाड करायचे की नाही, याचं उत्तर अंदाजाने देता येत नाही. ते ताठरतेची `K` आणि वस्तुमानाची `M` अशा दोन मॅट्रिक्समधून काढावं लागतं. नव्याने शिकणाऱ्याने हे एकदा कागदावर, हाताने करून बघावं. सॉफ्टवेअर आतमध्ये काय करतं ते मग कळतं, आणि ते चुकलं तर तेही कळतं.

आकडे हातात मावावेत म्हणून मी ते गोल केले आहेत, पण प्रमाण खऱ्या फ्रेमचंच आहे.

पायरी १: फ्रेमचे दोन आकडे करा

फ्रेमला दोन प्लॅटफॉर्म आहेत. खालच्या प्लॅटफॉर्मवर हॉपर आणि डक्टचा भार येतो, सगळं धरून ४,००० किलो. वरच्यावर ब्लोअर, मोटर आणि जाड बेस प्लेट, मिळून २,००० किलो. प्लॅटफॉर्म स्वतः वाकत नाहीत, फक्त आडवे सरकतात, असं धरू. म्हणजे अख्ख्या फ्रेमची हालचाल दोनच आकड्यांत सांगता येते: खालचा प्लॅटफॉर्म किती सरकला, `x1`, आणि वरचा किती सरकला, `x2`. दोन्ही जमिनीपासून मोजायचे.

आता खांब. वरच्या टप्प्यात आयएसएमबी २०० चे चार खांब आहेत, उंची २.८ मीटर. दोन्ही टोकं घट्ट धरलेल्या खांबाची आडवी ताठरता `12EI/h³` असते. चौघांची बेरीज ९८ लाख न्यूटन प्रति मीटरच्या आसपास येते. आपण १ कोटी धरू. खालच्या टप्प्यात आयएसएमबी २५० चे चार खांब, उंची २.९ मीटर, त्यांचे २ कोटी. एक कोटी न्यूटन प्रति मीटर म्हणजे एक मिलिमीटर सरकवायला १०,००० न्यूटन, म्हणजे साधारण एक टन वजनाइतका जोर. हा अर्थ मनात ठेवा, पुढे आकडा विचित्र आला तर लगेच खटकेल.

पायरी २: दोन्ही मॅट्रिक्स लिहा

`K` लिहिण्याची सोपी रीत अशी. एका वेळी एकच प्लॅटफॉर्म एक एकक सरकवायचा, दुसरा हाताने जागच्या जागी धरून ठेवायचा, आणि प्रत्येक ठिकाणी किती जोर लावावा लागला ते लिहायचं. खालचा सरकवला तर खालचे खांबही वाकतात आणि वरचेही, म्हणून त्याच्या जागी ३ कोटी. वरचा प्लॅटफॉर्म त्याच्यामागे ओढला जाऊ नये म्हणून उलट दिशेने १ कोटी लावावे लागतात, म्हणून उणे. वरचा सरकवला तर फक्त वरचे खांब वाकतात.

```
K = 1e7 * [ 3  -1 ]      M = 2000 * [ 2  0 ]
          [-1   1 ]                 [ 0  1 ]
```

इथे पहिली तपासणी करून टाका. `K` कर्णाभोवती सममित असलीच पाहिजे. नसेल तर चिन्ह चुकलंय किंवा एखादा खांब एकाच बाजूने मोजलाय. `M` च्या कर्णावर एकही शून्य नसावं. ते असलं तर काय होतं, ते पुढे येईलच.

कोणताही बाहेरचा जोर नसताना फ्रेम स्वतःच्या लयीत हलते तेव्हा सगळे बिंदू एकाच वारंवारतेने, एकाच आकारात पुढे-मागे होतात. तो आकार `φ` म्हणा आणि वारंवारता `ω`. मग खांबांचा परतीचा जोर आणि वस्तुमानाचं जडत्व यांचा तोल असा बसतो:

```
K φ = λ M φ,   λ = ω²
```

साध्या आयगेनव्हॅल्यूच्या प्रश्नात उजवीकडे फक्त `λφ` असतं. इथे मध्ये `M` आहे, आणि तीच या प्रकारची ओळख आहे. ती विसरून नुसत्या `K` ची आयगेनव्हॅल्यू काढली तर उत्तर येतं, पण त्याचं एकक न्यूटन प्रति मीटर असतं. त्यातून आरपीएम निघत नाहीत. जड प्लॅटफॉर्म आणि हलका प्लॅटफॉर्म यांत फरकच उरत नाही.

पायरी ३: एकदा हाताने सोडवा

`k/m = 1 कोटी ÷ 2000 = 5000` हा आकडा बाहेर काढून `λ = 5000 μ` असं लिहिलं आणि `K - λM` चा डिटरमिनंट शून्य धरला की समीकरण हलकं होतं:

```
(3 - 2μ)(1 - μ) - 1 = 0
2μ² - 5μ + 2 = 0
μ = 1/2  किंवा  μ = 2
```

पहिल्याचं `λ = 2500`, म्हणजे `ω = 50` रेडियन प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला ४७७ आवर्तनं. दुसऱ्याचं `λ = 10000`, `ω = 100`, म्हणजे मिनिटाला ९५५.

ब्लोअरची मोटर सहा पोलची आहे. पन्नास हर्ट्‌झवर अशी मोटर भार घेऊन साधारण ९६० आरपीएमने फिरते. पात्यांवर धूळ चिकटून थोडा जरी असमतोल आला, तरी दर फेऱ्याला एक आडवा धक्का बसतो, आणि तो नेमका फ्रेमच्या दुसऱ्या लयीवर पडतो. पाय थरथरणारच.

आता आकार. प्रत्येक लय आणि तिचा आकार मिळून एक मोड होतो. `μ` पुन्हा दुसऱ्या ओळीत घाला. पहिल्या मोडमध्ये `φ = (1, 2)` येतं: दोन्ही प्लॅटफॉर्म एकाच दिशेला, वरचा दुप्पट. दुसऱ्यात `φ = (1, -1)`: खालचा उजवीकडे गेला की वरचा तितकाच डावीकडे. खालच्या प्लॅटफॉर्मवरही तसंच वाटतं असं सुपरवायझर म्हणाला होता, ते याच्याशी तंतोतंत जुळतं. पहिला मोड असता तर खाली निम्मंच जाणवलं असतं.

पायरी ४: लंबता `M` मधून तपासा

इथे नवीन माणूस हमखास अडखळतो. सममित मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर एकमेकांना लंब असतात, असं कॉलेजात शिकवलेलं असतं. म्हणून तो `(1, 2)` आणि `(1, -1)` यांचा सरळ गुणाकार करतो: `1×1 + 2×(-1) = -1`. शून्य नाही. मग तो अर्धा तास चूक शोधत बसतो.

चूक काहीच नाही. दोन मॅट्रिक्सच्या प्रश्नात लंबता वस्तुमानातून मोजायची असते. खालच्या प्लॅटफॉर्मचं वजन दुप्पट आहे, म्हणून त्याच्या गुणाकारालाही दुप्पट मान द्यायचा: `2×1×1 + 1×2×(-1) = 0`. झालं शून्य. तसंच `K` मधून मोजलं तरी शून्य येतं. याचा अर्थ एक मोड हलत असताना दुसऱ्याला ऊर्जा देत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक मोड स्वतंत्र एका स्प्रिंगसारखा हाताळता येतो.

`M` चा व्यस्त घेऊन `M⁻¹K` करावं आणि एकाच मॅट्रिक्सची नेहमीची पद्धत वापरावी, असं बऱ्याच जणांना सुचतं. आयगेनव्हॅल्यू त्याच येतात. पण ती नवी मॅट्रिक्स सममित राहत नाही. आपल्या उदाहरणात `5000` बाहेर काढला की तिचे कर्णाबाहेरचे दोन आकडे `-0.5` आणि `-1` होतात. सममिती गेली की संगणकाचा साधा प्रोग्रॅम उत्तरं लहान-मोठ्या क्रमाने देईलच असं नाही, दोन मोड फार जवळ असले तर काल्पनिक भागाची शेपटी जोडून देऊ शकतो, आणि मोड शेपही वस्तुमानाप्रमाणे मोजून देत नाही. `K` आणि `M` दोन्ही आहेत तशा द्या. आतला प्रोग्रॅम `M` चे चोलेस्कीच्या रीतीने दोन भाग करून सममिती टिकवतो, ती काळजी त्याच्यावर सोडा.

पायरी ५: संगणकावर तेच पुन्हा

```python
import numpy as np
from scipy.linalg import eigh

k1, k2 = 2e7, 1e7          # N/m
m1, m2 = 4000.0, 2000.0    # kg

K = np.array([[k1 + k2, -k2], [-k2, k2]])
M = np.diag([m1, m2])

w2, Phi = eigh(K, M)
print(np.sqrt(w2) * 60 / (2*np.pi))
print(Phi / Phi[0])
```

पहिल्या ओळीत ४७७ आणि ९५५ आले पाहिजेत, खाली दोन उभ्या स्तंभांत `1, 2` आणि `1, -1`. शेवटच्या ओळीत मी मुद्दाम पहिल्या आकड्याने भागलं आहे. `Phi` जसं आहे तसं छापलं तर ०.००९ आणि ०.०१८ असे लहान आकडे दिसतात, कारण `Phi.T @ M @ Phi` एक यावं अशा मापात ते दिलेले असतात. चिन्हही उलट असू शकतं. मोड शेपला स्वतःचं माप नसतं, फक्त प्रमाण असतं. ०.०१८ हे मीटर समजून "वरचा प्लॅटफॉर्म अठरा मिलिमीटर हलतो" असं अहवालात लिहिलेलं मी पाहिलंय. ते साफ चूक आहे.

दोन चुका वारंवार होतात. पहिली क्रमाची: `eigh(M, K)` लिहिलं तर तक्रार न करता उत्तर येतं, पण ते `1/λ` असतं. ०.०००१ सारखा आकडा दिसला की हेच समजा. दुसरी एककाची. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं, म्हणून ताठरता न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये येते, १ कोटीच्या जागी १०,०००. वस्तुमान मात्र किलोतच राहतं. मग वारंवारता १,००० च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ३१.६ पटीने खाली येते आणि ९५५ च्या जागी ३० आरपीएम दिसतात. लोखंडी फ्रेम दोन सेकंदांत एकदा झोका घेत नाही, झोपाळा घेतो. मिलिमीटर वापरायचेच असतील तर वस्तुमान टनात घाला.

पायरी ६: ऊर्जा कुठे बसली आहे ते बघा

मूळ प्रश्न खांब जाड करायचे का, हा होता. त्याचं उत्तर आकाराच्या आत आहे. कोणत्याही मोडसाठी

```
λ = (φᵀ K φ) / (φᵀ M φ)
```

असं लिहिता येतं. वरचा भाग खांबांत साठलेल्या ऊर्जेचा आणि खालचा वस्तुमानाचा. दुसऱ्या मोडमध्ये खालचे खांब १ एककाने वाकतात, तर वरच्या खांबांची दोन टोकं विरुद्ध दिशांना जातात म्हणून ते २ एककांनी वाकतात. वाकण्याचा वर्ग गुणिले ताठरता:

```
खालचा टप्पा:  2 कोटी × 1² = 2 कोटी
वरचा टप्पा:   1 कोटी × 2² = 4 कोटी
वस्तुमान:     4000×1² + 2000×1² = 6000
λ = 6 कोटी ÷ 6000 = 10000
```

सहांपैकी चार भाग ऊर्जा वरच्या, बारीक खांबांत आहे. खालच्या खांबांना प्लेटा वेल्ड करून त्यांची ताठरता १ कोटीने वाढवली, तर वरची बेरीज ६ वरून ७ कोटी होते. तीच १ कोटी वरच्या टप्प्यात घातली, तर चारने गुणली जाऊन १० कोटी होते. पुन्हा नीट सोडवलं तर खालच्या उपायाने मोड १,०३९ आरपीएमवर जातो आणि वरच्या उपायाने १,२४८ वर. जुनाच आकार धरून केलेला अंदाज अनुक्रमे १,०३१ आणि १,२३३ देतो, म्हणजे कागदावरच निर्णय होऊ शकला असता.

मशीनचा वेग आणि फ्रेमची लय यांत किमान वीस टक्क्यांचं अंतर ठेवावं, असा अंगवळणी पडलेला नियम आहे. १,०३९ हे ९६० पासून आठच टक्के दूर आहे. खालचे खांब जाड करून पैसेही गेले असते, वेल्डिंगला ब्लोअर बंदही ठेवावा लागला असता, आणि थरथर थोडीच कमी झाली असती. १,२४८ हे तीस टक्के दूर आहे.

वरच्या टप्प्यात १ कोटी वाढवायला खांब बदलायची गरज नाही. तिरपे ब्रेस पुरतात. तीन मीटरच्या गाळ्यात ६५×६५×६ चा एक अँगल तिरपा टाकला, तर त्याची आडवी ताठरता कागदावर जवळपास २ कोटी येते. गसेट आणि बोल्टच्या ढिलाईमुळे मी ती निम्मीच धरतो. पण ब्रेस समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना टाका. दोघांचे मिळून २ कोटी वाढतात, आणि दुसरा मोड १,२४८ च्याही वर, १,४९३ वर जातो. एकाच बाजूला टाकला तर फ्रेम एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला मऊ होते, आणि पिळवटू लागते. आपल्या दोन आकड्यांच्या मॉडेलला ते पिळवटणं दिसतच नाही. ते बघायचं असेल तर प्लॅटफॉर्मचं फिरणं तिसरा आकडा म्हणून घ्यावं लागतं, आणि `M` मध्ये त्याच्या जागी किलो नाही, जडत्वाघूर्ण येतो.

खांबाचा पाया खरंच घट्ट आहे का?

या हिशेबातला सर्वात कच्चा दुवा `12EI/h³` हा आहे. खाली पातळ बेस प्लेट आणि दोनच बोल्ट असतील तर खांबाचं बूड थोडं फिरतं. ते अगदी मोकळं फिरलं तर सूत्र `3EI/h³` होतं, म्हणजे खालची ताठरता २ कोटींऐवजी ५० लाख. तसं करून सोडवलं तर पहिला मोड ४७७ वरून २६७ वर कोसळतो, पण दुसरा ९५५ वरून फक्त ८५२ वर येतो. कारण वर पाहिलंच: दुसऱ्या मोडची ऊर्जा मुख्यतः वरच्या टप्प्यात आहे, खालचं बूड ढिलं झालं तरी त्याला फार फरक पडत नाही. खरी फ्रेम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, म्हणून मी दोन्ही टोकं काढून ठेवतो.

बुडाचं हे फिरणं मॉडेलमध्ये घालायला गेलं की नवा प्रश्न येतो. त्या सांध्याला वस्तुमान नसतं, म्हणून `M` च्या कर्णावर शून्य बसतं आणि `eigh` थांबून `not positive definite` असा `LinAlgError` देतं. तिथे काहीतरी लहान आकडा, ०.००१ किलो वगैरे, ठोकून वेळ मारून नेऊ नका. त्यातून लाखो आरपीएमचा एक खोटा मोड जन्माला येतो. ज्याला वस्तुमान नाही तो सांधा आधीच काढून टाका. दोन स्प्रिंग एकापाठोपाठ जोडल्यावर `1/k = 1/ka + 1/kb` करतो, तेच मॅट्रिक्समध्ये असं होतं:

```python
# a: वस्तुमान असलेले, b: नसलेले
Kr = Kaa - Kab @ np.linalg.solve(Kbb, Kab.T)
w2, Phi = eigh(Kr, Maa)
```

`K` चा उलट प्रकारही होतो. पाया जोडायचाच राहिला तर `K` मध्ये एक शून्य आयगेनव्हॅल्यू येते, म्हणजे अख्खी फ्रेम न वाकता घरंगळू शकते. संगणकावर ते नेमकं शून्य दिसत नाही, कधी अगदी लहान उणे आकडा येतो आणि वर्गमूळ घेताना `nan` छापलं जातं. हवेत लोंबकळणाऱ्या भागाचा अभ्यास असेल तर ते बरोबरच आहे. शिरोलीतल्या फ्रेमसाठी मात्र, पाया विसरलात.

फ्रेमवर जाऊन पडताळा

ब्लोअर बंद करून वरच्या प्लॅटफॉर्मला बाजूने लाकडी मोगरीचा एक ठोका द्या आणि मोबाईलमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरच्या अ‍ॅपवर नोंद घ्या. फोन प्लेटला पट्टीने घट्ट चिकटवलेला हवा. बहुतेक फोन सेकंदाला शंभर किंवा जास्त नोंदी घेतात, आणि आपल्याला ८ आणि १६ हर्ट्‌झ बघायचे आहेत, तेवढं पुरतं. नोंदीत ८ आणि १६ च्या आसपास दोन शिखरं दिसली तर मॉडेल फ्रेमला धरून आहे. दुसरं शिखर १४ च्या जवळ सरकलं असेल तर बूड ढिलं आहे. ब्रेस टाकण्याआधी पाती धुवून रोटर बॅलन्स करून घ्या, कारण धक्काच लहान झाला तर सगळंच लहान होतं. फक्त धूळ पुन्हा बसते, म्हणून ब्रेस टाळता येत नाहीत.

ब्रेस लागल्यावर तोच ठोका पुन्हा द्या. दुसरं शिखर २५ हर्ट्‌झच्या जवळ हवं, आणि ते त्याहून वर गेलं तर आपण निम्मी धरलेली ताठरता खरं तर जास्त मिळाली असं समजा. पहिला मोड ५२९ आरपीएमवर जातो, त्यामुळे ब्लोअर बंद करताना वेग उतरत असताना मध्येच क्षणभर फ्रेम हलेल आणि थांबेल. सुपरवायझरला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर संध्याकाळी फोन येतो.